शून्यात गेलेल्यांचा पाढा

तास संपल्यावर बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातली एक विद्यार्थिनी वही उघडून टेबलापाशी आली. तिने दोन ओळींखाली लाल रेघ मारली होती. ग्रुप थिअरीत लिहिलेलं : ‘कर्नल हा सबग्रुप असतो.’ रिंग थिअरीत लिहिलेलं : ‘कर्नल हा आयडियल असतो.’ तिने विचारलं, “सर, ग्रुपमध्ये कर्नल सबग्रुप, तर रिंगमध्ये तो सबरिंग असायला हवा ना? हे आयडियल मध्येच कुठून आलं?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर व्याख्येत शोधलं तर व्याख्याच परत हाती येते, म्हणून आपण सुरुवात कॅलेंडरपासून करू.

आज बुधवार आहे, तर १०० दिवसांनी कोणता वार येईल? कोणीही १०० वेळा बोटं मोजत नाही. ९८ दिवस म्हणजे पुरे चौदा आठवडे, ते सोडून द्यायचे. उरले दोन, म्हणून शुक्रवार. इथे आपण सगळ्या पूर्णांकांच्या जगातून फक्त सात वारांच्या छोट्या जगात आलो. पूर्णांकांचं जग ही रिंग आहे, म्हणजे तिथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार नेहमीच्या नियमांनी करता येतात. सातने भागून उरणाऱ्या बाकींचं जग, ० ते ६, हीसुद्धा रिंग आहे. एका रिंगमधून दुसरीत नेणाऱ्या ज्या नियमाने बेरीज आणि गुणाकार बिघडत नाहीत, त्याला होमोमॉर्फिझम म्हणतात. आणि या प्रवासात ज्या संख्यांचं शून्य होतं, त्या सगळ्यांचा गट म्हणजे कर्नल. वारांच्या हिशेबात कर्नल म्हणजे ७, १४, २१, … ९८, … शिवाय शून्य आणि ऋण बाजूचे −७, −१४ वगैरे. थोडक्यात, दोन्ही बाजूंना न संपणारा सातचा पाढा.

आता गुणाकाराचा हिशेब करू. एखाद्या कामाचे १०० टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा ४५ दिवसांचा. बुधवारी काम सुरू केलं, तर एवढ्या दिवसांनी कोणता वार? एकूण दिवस ४५००. पण १०० च्या जागी बाकी २ घेतली, ४५ च्या जागी बाकी ३ घेतली, तर उत्तर लगेच ६ येतं. पडताळून पाहा : ४४९४ हा सातच्या पाढ्यात आहे आणि ४५०० मधून तो वजा केला की ६ उरतात. बुधवारनंतर सहावा दिवस, मंगळवार.

१०० च्या जागी २ घेताना आपण ९८ टप्पे सोडून दिले. ते ९८ टप्पे नुसते सुटे नव्हते. त्यांना ४५ ने गुणलेलं होतं. म्हणजे प्रत्यक्षात आपण ९८ × ४५ एवढे दिवस गाळले. ते गाळता आले, कारण ९८ × ४५ हाही सातच्या पाढ्यातच आहे. पण ४५ त्या पाढ्यात नाही. गाळलेल्या संख्येला गुणणारी संख्या बाहेरची होती, आणि तरीही गुणाकार कर्नलमध्येच राहिला. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच, म्हणून ज्यांचं शून्य झालं त्यांनीही कोणत्याही गुणाकारात शून्यच व्हायला हवं.

सबरिंगची अट एवढी कडक नसते. आतल्या दोन संख्यांचा गुणाकार आत राहिला की तिचं काम भागतं. बाहेरच्या संख्येने गुणल्यावर काय होतं हे ती विचारत नाही. आयडियल नेमकं तेच विचारतं : आतली एक घ्या, रिंगमधली कोणतीही दुसरी घ्या, गुणाकार आतच पडला पाहिजे. (जिथे गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, जसं मॅट्रिक्समध्ये, तिथे हे डावीकडून आणि उजवीकडून, दोन्हीकडून तपासावं लागतं.)

नुसत्या सबरिंगवर भागलं तर काय बिघडतं, ते आपल्या पावकी-निमकीनेच दिसतं. सगळे अपूर्णांक घ्या, म्हणजे परिमेय संख्या. त्यांच्या आत पूर्णांक ही उत्तम सबरिंग आहे : बेरीज, वजाबाकी, गुणाकार सगळं आतल्या आत होतं आणि १ सुद्धा आत आहे. तर मग वारांसारखंच इथे करू या. पूर्णांक सगळे शून्य मानू आणि फक्त वरचा अपूर्णांक लक्षात ठेवू. अर्धा, दीड, अडीच हे आता एकच, कारण त्यांच्यातला फरक पूर्णांकाचा आहे. बेरीज छान चालते. दीड आणि पाव मिळून पावणेदोन, अर्धा आणि पाव मिळून पाऊण. दोन्हींचा वरचा भाग पाऊणच.

आता गुणाकार करा. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव. दिडाचा अर्धा म्हणजे पाऊण. अर्धा आणि दीड एकच आहेत असं आपण ठरवलं होतं, मग एकदा पाव आणि एकदा पाऊण कसं आलं? या नव्या जगात ‘अर्धा गुणिले अर्धा’ याला ठाम उत्तरच उरलं नाही. दोष कुठे आहे तेही दिसतं : दिडातला १ आपण शून्य समजून गाळला, पण गुणाकारात त्या १ ला अर्ध्याने गुणलं गेलं आणि अर्धा उरला. अर्धा हा पूर्णांक नाही, म्हणून तो गाळता येत नाही. १ आत होता, अर्धा बाहेरचा होता, आणि गुणाकार निसटून बाहेर पडला. पूर्णांक सबरिंग असूनही अशा कोणत्याही होमोमॉर्फिझमचं कर्नल होऊ शकत नाहीत.

हेच चिन्हांत एकदा लिहून बघावं, कारण त्यात सगळा खुलासा एका ओळीत आहे. समजा a आणि b या आपल्या संख्या आहेत, आणि i व j या शून्य मानलेल्या गटातल्या.

(a + i)(b + j) = ab + aj + ib + ij

ab व्यतिरिक्त तीन पदं उरली आणि उत्तर ठाम राहायचं तर तिन्ही एकत्र शून्य व्हायला हवीत. ij साठी सबरिंगची अट पुरते, कारण i आणि j दोघेही आतले. पण aj आणि ib मध्ये एक आतला आणि एक बाहेरचा आहे. j शून्य घेतला तर एकटा ib उरतो, म्हणून तोही स्वतंत्रपणे आत असावा लागतो. aj चंही तसंच. आयडियलची जादा अट या दोन पदांसाठी आहे. आणि ती पाळली की काम पूर्ण होतं : कोणतंही आयडियल शून्य मानून नवी रिंग बनवता येते आणि ते आयडियल त्या प्रवासाचं कर्नल ठरतं. म्हणजे कर्नल आयडियल असतात एवढंच नाही, प्रत्येक आयडियल कुठल्या तरी होमोमॉर्फिझमचं कर्नल असतं.

आता तिच्या मूळ शंकेकडे येऊ : ग्रुपमध्ये हा घोळ का होत नाही? ग्रुपमध्ये क्रिया एकच आणि तिचा एकक घटकही एकच. ज्यांचा तो एकक होतो, त्यांनाच कर्नल गोळा करतं, आणि ग्रुपचा स्वतःचा एकक त्यात आपोआप येतो. रिंगमध्ये क्रिया दोन आहेत. कर्नल बेरजेच्या एककाशी, म्हणजे शून्याशी बांधलेलं आहे. गुणाकाराचा एकक १ त्याच्या वाट्याला येत नाही. किंबहुना येऊच शकत नाही. १ कर्नलमध्ये आला तर कोणतीही संख्या म्हणजे ती संख्या गुणिले १, म्हणून तीही शून्य. सगळंच शून्य झालं. कॅलेंडरमध्ये एक दिवस शून्य धरला तर सातही वार एकच होतील. म्हणून कर्नलमध्ये एक तर १ नसतो किंवा कर्नल म्हणजे अख्खी रिंगच असते.

इथे पुस्तकांमुळेही गोंधळ वाढतो. हर्स्टीन किंवा गॅलियन यांच्या पुस्तकांत रिंगमध्ये १ असलाच पाहिजे अशी अट नाही. त्यांच्या हिशेबाने सातचा पाढाही सबरिंग आहे, आणि ‘कर्नल सबरिंग असतो’ हे विधान बरोबर पण अपुरं ठरतं. अतिया-मॅकडोनाल्ड यांच्या पुस्तकात प्रत्येक रिंगमध्ये १ असतो आणि सबरिंगमध्येही तोच १ लागतो. तिथे सातचा पाढा सबरिंग नाही. वाचायला बसताना पहिल्या पानांवर ही व्याख्या पाहून घ्यावी. बाहेरच्या संख्येला गिळण्याची अट मात्र दोन्हीकडे तीच आहे.

एक गोष्ट अजून उरते : याला आयडियल का म्हणायचं? एकोणिसाव्या शतकात एर्न्स्ट कुमर यांना काही संख्याजगांत अवयव पाडण्याची अडचण आली. a + b√−५ अशा संख्या घ्या, a आणि b पूर्णांक. इथे ६ म्हणजे २ × ३, आणि ६ म्हणजे (१ + √−५) × (१ − √−५) सुद्धा. या चारांपैकी एकाचेही पुढे खरे अवयव पडत नाहीत, तरी दोन वेगळे गुणाकार एकाच संख्येचे. जणू २ आणि १ + √−५ यांच्यात एक सामाईक अवयव आहे, पण तो या जगात सापडत नाही. कुमर यांनी त्या न सापडणाऱ्या अवयवाला आदर्श संख्या म्हटलं. १८७१ मध्ये रिचर्ड डेडेकिंड यांनी वेगळी वाट धरली : संख्या सापडत नसेल तर तिचा पाढाच लिहून काढू, आणि त्या पाढ्यालाच वस्तू मानू. तो पाढा म्हणजे आयडियल.

हा पाढा कर्नल म्हणून सहज मिळतो. a + b√−५ या संख्येला a + b सम आहे की विषम, एवढंच विचारा. सम असेल तर ०, विषम असेल तर १. बेरीज आणि गुणाकार करून पाहा, हा नियम दोन्ही जपतो. २ शून्यात जातो. १ + √−५ मध्ये a + b दोन येतात, तोही शून्यात जातो. १ जात नाही. ज्यांची शून्यं झाली त्यांचा गट बेरजेत टिकतो, बाहेरच्या कुणाही संख्येने गुणलं तरी टिकतो. पण तो कोणत्याही एका संख्येचा पाढा नाही. तसं असायला a² + ५b² बरोबर २ होईल अशी a + b√−५ ही संख्या लागली असती, आणि पूर्णांकांत ते घडत नाही.

वहीतल्या दुसऱ्या ओळीखाली मी तिला एवढंच लिहायला सांगितलं : कर्नल म्हणजे पाढा. सातच्या पाढ्यात १ येत नाही, आणि पाढ्यातल्या संख्येला कशानेही गुणलं तरी ती पाढ्याबाहेर पडत नाही. तिने लिहिलं, थोडा वेळ वहीकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे त्या √−५ च्या जगात पाढा आहे, पण ज्याचा तो पाढा आहे तोच नाही?” हो. आणि डेडेकिंडनी तो नसण्याची वाट पाहिली नाही, पाढ्यावरच काम सुरू केलं.