भाराला जवळची वाट कळते

बदलापूर किंवा अंबरनाथमध्ये एखाद्या नव्या इमारतीच्या सेंट्रिंगवर स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी चढलात, तर लोखंडाची एकसारखी जाळी पसरलेली दिसते. आठ मिलिमीटरच्या सळया, आडव्या नि उभ्या, बाइंडिंग वायरने बांधलेल्या. पण ही जाळी वाटते तशी एकसारखी नसते. हॉलखाली ती एका तऱ्हेने काम करते आणि दारापुढच्या पॅसेजखाली दुसऱ्या. एकाच दिवशी, एकाच काँक्रीटने भरलेला स्लॅब, पण एक भाग ‘टू-वे’ आणि शेजारचा ‘वन-वे’. हा फरक ठरतो मुख्यतः खोलीच्या लांबीरुंदीवरून.

उदाहरणादाखल 3 मीटर रुंद आणि 4.2 मीटर लांब असा हॉल घेऊ. चारही बाजूंना बीम आहेत, स्लॅब 125 मिलिमीटर जाड आहे. त्या स्लॅबचं स्वतःचं वजनच जवळपास चार टन भरतं. लादी, सामान, माणसं धरली की हिशेब पावणेआठ टनांच्या आसपास जातो. हे सगळं चार बीमपर्यंत पोचवायचं, तर कोणत्या बीमला किती?

मनातल्या मनात स्लॅबच्या मधोमध एकमेकांना छेदणाऱ्या दोन पट्ट्या कल्पा. एक आखूड दिशेची, 3 मीटरची. दुसरी लांब दिशेची, 4.2 मीटरची. दोन्ही एकाच काँक्रीटच्या असल्यामुळे जिथे छेदतात तिथे त्यांना सारखंच वाकावं लागतं. आणि पट्टी किती वाकते ते तिच्या लांबीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं. लांबी दुप्पट केली की तेवढ्याच भाराखाली ती दोन पट नाही, चार पटही नाही, सोळा पट वाकते. मग लांब पट्टीने आखूड पट्टीइतकंच वाकायचं, तर तिने भार कमी घेतला पाहिजे. दुसरा मार्गच नाही.

आपल्या हॉलमध्ये लांबीला रुंदीने भागलं की 1.4 येतात. 1.4 चा चौथा घात साधारण 3.84. म्हणजे लांब पट्टी एक वाटा घेते तेव्हा आखूड पट्टी जवळजवळ चार वाटे घेते. शंभरातले 79 आखूड दिशेने, 21 लांब दिशेने. खोली चौरस असती तर निम्मे-निम्मे झाले असते. आता पॅसेज पाहा. 1.5 मीटर रुंद, 6 मीटर लांब, गुणोत्तर 4. त्याचा चौथा घात 256. लांब दिशेला शंभरात अर्धासुद्धा वाटा उरत नाही. सहा मीटर लांबीच्या त्या स्लॅबला आपल्या लांबीची जणू खबरच नसते. तो फक्त दीड मीटर ओलांडतो.

‘लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असेल तर वन-वे’ हा नियम इथून येतो. दुपटीला आखूड दिशेचा वाटा सतरात सोळा, म्हणजे 94 टक्के होतो. उरलेल्या सहा टक्क्यांसाठी वेगळा हिशेब मांडण्यात अर्थ नसतो, म्हणून आयएस 456 या भारतीय संहितेने रेघ तिथे ओढली. स्लॅबला मात्र ती रेघ ठाऊक नसते. 1.9 आणि 2.1 मध्ये तो जवळपास सारखाच वागतो. आणि हे सगळं चारही बाजूंना आधार असेल तरच. समोरासमोरच्या दोनच बाजूंना बीम असतील, तर खोली चौरस असली तरी स्लॅब वन-वेच. भार जायला दुसरी वाटच नसते.

सळया कुठे टाकायच्या ते आता आपोआप कळतं. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. स्लॅब खाली वाकला की मधल्या भागात त्याची खालची बाजू ताणली जाते, म्हणून लोखंड तिथे खाली हवं. पॅसेजमध्ये मेन सळई आखूड दिशेने, सगळ्यात खाली. तिच्यावर आडव्या बांधलेल्या लांब सळया ‘डिस्ट्रिब्यूशन’च्या. त्या भार वाहण्यापेक्षा मेन सळया जागेवर धरतात आणि काँक्रीट सुकताना, तापताना पडणाऱ्या भेगा आवरतात. हॉलमध्ये दोन्ही दिशांच्या सळया मेन असतात, तरी त्यांत मानकरी आखूड दिशेचीच, म्हणून खालचा थर तिचा. बीमवरून स्लॅब पुढच्या खोलीत जातो तिथे ताण वरच्या बाजूला येतो, तेव्हा तिथे लोखंडही वर लागतं.

खालचा थर की वरचा, याने काय बिघडतं? खाली 20 मिलिमीटर कव्हर सोडलं, तर सर्वांत खालच्या सळईचा मध्य स्लॅबच्या माथ्यापासून 101 मिलिमीटरवर येतो. तिच्यावरच्या सळईचा 93 वर. आठ मिलिमीटरचा हा फरक सळईच्या ताकदीतले जवळपास आठ टक्के खातो. हॉलमध्ये थर उलटे पडले तर एवढ्यावर निभावतं. पॅसेजमध्ये दिशाच चुकली, दाट सळया सहा मीटरच्या बाजूने आणि विरळ आखूड बाजूने गेल्या, तर भार जिथून जातो तिथेच लोखंड कमी पडतं. जाळी वरून पाहता तितकीच भरगच्च दिसते, म्हणून ही चूक डोळ्यांना सापडत नाही. स्लॅब भरण्यापूर्वी वाकून बघायचं ते इतकंच: कव्हर ब्लॉकवर थेट टेकलेली सळई कोणत्या दिशेने धावते आणि दोन सळयांमधलं अंतर कोणत्या दिशेत कमी आहे. दोन्हींचं उत्तर ‘आखूड’ आलं पाहिजे.

खालच्या थरात असण्याची किंमतही मेन सळईच मोजते. गिलावा सोडला तर हवा आणि ओल यांच्यापासून तिला फक्त ते 20 मिलिमीटर वाचवतात. उल्हासनगरला हे नव्याने सांगायला नको. मे 2021 मध्ये पंधरवड्याच्या आत तिथे दोन इमारतींमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या स्लॅबांवर कोसळून माणसं दगावली. 1990 च्या दशकात हलक्या प्रतीची रेती वापरून बांधलेल्या इमारतींची चर्चा तेव्हा शहरभर झाली. काँक्रीट सच्छिद्र निघालं की ओल आत शिरते. लोखंड गंजलं की फुगतं, आणि फुगलेली सळई खालचं कव्हर ढकलून पाडते. वन-वे स्लॅबमध्ये हे जास्त घातक, कारण मेन सळया गेल्या तर भाराला उरलेली दिशा जवळपास बिनकामाची असते. टू-वेमध्ये निदान दुसऱ्या दिशेची थोडी मदत असते.

म्हणून छताला भेग दिसली की आधी तिची दिशा बघावी. वाकल्यामुळे पडलेली भेग सळईला आडवी जाते. गंजामुळे पडलेली भेग सळईच्या बरोबरीने धावते. पॅसेजच्या छतावर मधोमध लांबीच्या दिशेने एक बारीक रेघ गेली असेल, तर ती वाकण्याची असू शकते. टू-वे हॉलमध्ये वाकण्याच्या भेगा कोपऱ्यांकडून मध्याकडे तिरक्या येतात, पाकिटाच्या मागच्या घड्यांसारख्या. पण पॅसेजच्या आखूड दिशेने, ठरावीक अंतरावर, तांबूस डागांच्या समांतर रेघा उमटल्या असतील, तर मेन सळया गंजू लागल्या आहेत. तिथे नुसता गिलावा मारून रंग देणं म्हणजे दुखणं झाकणं. 30 वर्षं झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याने बंधनकारक आहेच, पण या रेघा दिसल्या तर तिसाव्या वर्षाची वाट पाहू नये.