पंधरा किलोंची किंमत पंच्याऐंशी किलोंच्या माथी

बाजार समितीत टोमॅटो २० रुपये किलो गेला, आणि तोच टोमॅटो तासाभरात कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे ३६ रुपयांना मिळू लागला, की आपल्याला वाटतं मधले १६ रुपये कुणीतरी खाल्ले. खाल्ले का, आणि कुणी, हे पाहायचं तर एका खरेदीचा हिशेब शेवटपर्यंत लावावा लागतो. बहुतेक वेळा तो अर्ध्यावरच सोडला जातो. ग्राहक सोडतो, आणि धंद्यात नवीन असलेला विक्रेताही सोडतो.

रस्त्याच्या कडेला पथारी लावणारी एक मावशी धरू. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून तिने पहाटे टोमॅटोचे पाच कॅरेट घेतले. प्लास्टिकच्या एका कॅरेटमध्ये साधारण २० किलो माल बसतो, म्हणजे एकूण १०० किलो. कॅरेट ४०० रुपयांना पडला, अडत त्यातच धरू. मालाचे झाले २,००० रुपये. हमाली, टेम्पोतला वाटा, पिशव्या आणि बसायच्या जागेचे पैसे मिळून २५० रुपये. म्हणजे विक्री सुरू होण्याआधीच २,२५० रुपये गेलेले आहेत. हा माल संपायला दोन दिवस लागतील. शेजारी ती इतर भाज्याही विकेल, पण टोमॅटोतून तिला आपली मजुरी म्हणून ४५० रुपये सुटायला हवेत. एकूण २,७०० रुपये गल्ल्यात आले पाहिजेत.

२,७०० भागिले १००, म्हणजे किलोला २७ रुपये. नवा विक्रेता इथेच थांबतो आणि २७चा भाव लावतो. पण १०० किलो कधीच विकले जात नाहीत.

कॅरेट एकावर एक रचून येतात. टोमॅटो वरच्या काठापेक्षा उंच भरले असतील, तर वरच्या कॅरेटचा तळ खालच्या फळांवर टेकतो आणि ती दबतात. पावसाळ्यात फळांना देठाजवळ तडे गेलेले असतात. त्या तड्यांतून बुरशी शिरते, आणि एक फळ फुटलं की त्याचा रस खालच्या दहा फळांवर ओघळतो. म्हणून नासाडी सगळ्या कॅरेटमध्ये सारखी नसते. तीन कॅरेट ठणठणीत निघतात, दोन दगा देतात. आपल्या मावशीच्या एका कॅरेटच्या तळातून ८ किलो खराब निघाले, दुसऱ्यातून ५. आणखी २ किलो मापात गेले. पारडं थोडं झुकल्याशिवाय गिऱ्हाईक पिशवी पुढे करत नाही, आणि वर एखादा टोमॅटो टाकावाच लागतो. ही तूट कचऱ्यात दिसत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही. एकूण गेले १५ किलो, राहिले ८५.

हे ८५ किलो २७ रुपयांनी विकले तर येतात २,२९५. खर्च २,२५०. दोन दिवस उन्हात बसून सुटले ४५ रुपये.

यावर सुचणारा पहिला उपाय असा, की १५ टक्के माल जातो तर भाव १५ टक्क्यांनी वाढवावा. २७वर १५ टक्के म्हणजे भाव झाला ३१ रुपये ५ पैसे. ८५ किलोंचे आले सुमारे २,६४०. तरीही साठ रुपये कमी पडले. कारण १५ टक्के हे १०० किलोंचे आहेत, पण वाढीव पैसे येतात फक्त ८५ किलोंवर. गेलेल्या पंधरा किलोंचा बोजा उरलेल्या पंच्याऐंशींनी वाहायचा, तर प्रत्येकावर १५ नव्हे, साडेसतराच्या वर टक्के चढतात. नासाडी वाढते तसं हे अंतर झपाट्याने रुंदावतं. पाव माल गेला तर भाव पावपट नाही, एक तृतीयांशाने वाढवावा लागतो. निम्मा गेला तर दुप्पट करावा लागतो. म्हणून टक्के चढवत बसू नये. जे पैसे यायला हवेत त्यांना जेवढे किलो खरोखर विकले जाणार आहेत तेवढ्याने सरळ भागावं. २,७०० भागिले ८५, म्हणजे ३१ रुपये ७६ पैसे. ३२ रुपये भाव लावला की हिशेब जुळतो.

पण उरलेले ८५ किलो एकसारखे असते तरच. गिऱ्हाईक टोमॅटो हाताळून, दाबून, लालबुंद आणि टणक तेवढे निवडतं. संध्याकाळपर्यंत ढिगात मऊ, चिरलेले, बारीक फळ मागे राहतं. ८५मधले १५ किलो असे राहिले आणि ते खाणावळवाल्याला १५ रुपयांनी दिले, तर त्यांचे २२५ रुपये येतील. मग २,७००मधले उरलेले २,४७५ रुपये ७० किलो चांगल्या मालातून यायला हवेत. भागाकार येतो ३५ रुपये ३६ पैसे. म्हणून ३६. पावशेर ९ रुपयांना, अर्धा किलो १८ला. आपण सुरुवातीला पाहिलेला भाव तो हाच.

मंडईत कधी कधी एकाच ढिगाचे दोन भाव ऐकू येतात: निवडून घ्या छत्तीस, सरसकट घ्या बत्तीस. ऐकणाऱ्याला वाटतं मावशी मनाला येईल ते बोलते. वरचे दोन भागाकार पुन्हा पाहा. गिऱ्हाईक निवडत असेल तर मऊ फळ मागे राहतं आणि ३६ घ्यावे लागतात. सगळ्यांनी हाताला येईल तसं घेतलं तर मागे काहीच राहत नाही आणि ३२ पुरतात. दोन्ही वाटांनी गल्ल्यात जवळपास सारखेच पैसे येतात. मधले चार रुपये निवडण्याची किंमत आहे, आणि ती मला रास्त वाटते. घरी आजच रस्सा किंवा सार करायचं असेल तर सरसकट घेण्यात ग्राहकाचं काहीच जात नाही.

आता यार्डातला भाव हलवून पाहू. २०२३च्या जुलैत टोमॅटोचा कॅरेट नारायणगावच्या बाजारात दोन हजारांच्या घरात गेला होता, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नाशिक भागात तो शंभराच्या आसपास घसरला. मावशीचे २५० रुपये वरखर्च, ४५० रुपये मजुरी आणि नासाडीचं तेच प्रमाण कायम ठेवू. मऊ मालही खरेदीच्या पाऊणपट भावाने जाईल असं धरू. कॅरेट १०० रुपयांना, म्हणजे ५ रुपये किलोने मिळाला, तर तिला चांगला माल १६ रुपयांच्या खाली विकता येत नाही. खरेदीच्या तिपटीहून जास्त! टेम्पोवाला टोमॅटो स्वस्त झाले म्हणून भाडं कमी करत नाही आणि मावशीच्या घरचा खर्चही घटत नाही. शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओततो आणि शहरात आपण सोळा-वीस रुपये मोजतो, हे चित्र मन विषण्ण करणारं आहेच. पण त्यासाठी शेवटच्या टोकाला बसलेल्या बाईला लुटारू ठरवणं हिशेबाला धरून नाही.

उलट कॅरेट २,००० झाला की १०० रुपयांचा किलो ती साधारण १३७ला विकू शकते, म्हणजे दीडपटही नाही. मात्र तेव्हा तळात सडलेल्या आठ किलोंचे आठशे रुपये होतात. एक वाईट कॅरेट मजुरी घेऊन वर भांडवलालाही हात घालतो. म्हणून महागाईत शहाणा विक्रेता भाव चढवण्याआधी खरेदी कमी करतो. पाचऐवजी दोन कॅरेट घेतो, ते त्याच दिवशी संपवतो, आणि नासाडीचा टक्काच खाली आणतो.

हा टक्का अंदाजाने ठरवण्यात धोका आहे. कांदा-बटाट्यात तो थोडा असतो, आणि पालेभाजीत मोठा. पालेभाजी जुडीने विकली जाते, त्यामुळे तिथे किलोऐवजी विकल्या गेलेल्या जुड्यांनी भागायचं. टोमॅटोत तर पावसाळ्यातला आणि थंडीतला आकडाच वेगळा. खात्रीचा मार्ग एकच: फेकायचा माल फेकण्याआधी काट्यावर ठेवायचा आणि वहीत लिहायचा. खरेदीचे किलो आणि विक्रीचे किलो एकमेकांशेजारी लिहिले की मापात जाणारी तूटही उघडी पडते. आठवडाभराच्या नोंदींतून जो आकडा निघेल तोच पुढच्या आठवड्याच्या भागाकारात घालायचा. यार्डात घेतानाच एक कॅरेट तोलून पाहावा. रिकाम्या कॅरेटचं दीड-दोन किलो वजन मालात मोजलं गेलं असेल, तर पाच कॅरेटांत आठ-दहा किलो विकत घेण्याआधीच गेलेले असतात. कॅरेटच्या तळाशी ओल किंवा आंबूस वास असेल, तर वरचा थर कितीही देखणा असला तरी तो कॅरेट बाजूला ठेवावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही वहीत आधी कळत नाही. भाव सकाळी लावायचा असतो आणि माल किती गेला ते दुसऱ्या संध्याकाळी समजतं. ३६ रुपयांनी विकताना पहिले साडेबासष्ट किलो जाईपर्यंत मावशीचे यार्डातले आणि टेम्पोचे पैसेच फिटत असतात. तिची मजुरी शेवटच्या साडेसात किलो चांगल्या मालात आणि त्या मऊ पंधरा किलोंमध्ये असते. नेमक्या त्या वेळी पाऊस आला आणि गिऱ्हाईक पांगलं, तर दोन दिवसांची कमाई ताडपत्रीखाली अडकते.

संध्याकाळी भाव किती खाली आणायचा, हे तेव्हा झालेल्या खर्चाकडे बघून ठरत नाही. तो माल उद्या काय देईल, यावरून ठरतं. समजा १० किलो उरलेत, रात्रीत त्यातले २ जातील, आणि यार्डात आवक वाढल्याने उद्या पथारीवरचा भाव २९ होईल असा तिचा कयास आहे. उद्या ८ किलोंचे मिळतील २३२ रुपये, म्हणजे आजच्या प्रत्येक किलोला २३ रुपये आणि काही पैसे. आज २५ने मागणारं गिऱ्हाईक उभं असेल तर द्यावं. २० म्हणणाऱ्याला नाही म्हणावं. उद्या ताजा माल घेतल्यावर शिळ्याला २९ कुणी देणार नाही असं वाटत असेल, तर वीसलाही द्यावं.