काही सहगुणक शून्य का होतात? : लासो समाश्रयणाची ओळख

शोधनिबंधाच्या 'कार्यपद्धती' विभागात पुढीलसारखे वाक्य आता वरचेवर आढळते : "सर्व चलांचे प्रमाणीकरण करून लासो समाश्रयण वापरले. दंडाचा गुणक λ दहा भागांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनने ठरवला." ज्यांनी महाविद्यालयात केवळ लघुतम वर्ग पद्धत शिकली आहे, ते वाचक इथे अडखळतात आणि सरळ निष्कर्षाकडे वळतात. दोष वाचकांचा नाही. एवढ्या दोन ओळींत सगळे उरकण्याची सवय आम्हा संशोधकांची आहे. या दोन ओळींचा अर्थ आपण एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस स्टेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या ९७ रुग्णांच्या रक्तातील पीएसए या प्रथिनाचे प्रमाण मोजले होते. प्रश्न असा, की हे प्रमाण (प्रत्यक्षात त्याचा लॉगॅरिदम) कशाकशावर अवलंबून असते? हाताशी आठ चले होती : गाठीचे आकारमान, ग्रंथीचे वजन, रुग्णाचे वय, ग्रंथीची साधी वाढ, शुक्राशयात रोग शिरला आहे की नाही, ग्रंथीच्या आवरणाबाहेर तो किती पसरला आहे, आणि पेशींच्या तपासणीतून मिळणारे ग्लीसन गुणांकनाचे दोन आकडे.

लघुतम वर्ग पद्धत काय करते ते आठवू. प्रत्यक्ष मूल्य आणि आपल्या समीकरणाने दिलेले मूल्य यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असे सहगुणक ती निवडते. हेस्टी, टिबशिरानी आणि फ्रीडमन यांच्या सांख्यिकीवरील ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत (२००९) ९७ पैकी ६७ रुग्णांवर हे गणित केले आहे आणि उरलेले ३० पडताळणीसाठी राखून ठेवले आहेत. गाठीच्या आकारमानाचा सहगुणक आला ०.६८०. हे अपेक्षितच होते. पण आवरणाबाहेरच्या प्रसाराचा सहगुणक आला उणे ०.२८८. म्हणजे रोग जितका बाहेर पसरलेला, तितके पीएसए कमी! हे पटणारे नाही. नुसती या दोन चलांची जोडी पाहिली, तर त्यांच्यातील सहसंबंध धन आहे, सुमारे ०.५५.

मग चिन्ह उलटले कसे? मोठी गाठ आणि बाहेरचा प्रसार बहुधा एकत्रच आढळतात. त्यांच्यातील सहसंबंध सुमारे ०.६८ आहे. दोन चले अशी हातात हात घालून चालत असली, की एकाला थोडे जास्त श्रेय देऊन दुसऱ्याकडून ते वजा केले तरी बेरीज जवळपास तीच राहते. त्यामुळे ६७ रुग्णांतील योगायोगाचे चढउतारही लघुतम वर्ग पद्धत इमानेइतबारे सहगुणकांत उतरवते. मोठ्या सहगुणकांसाठी तिला काही मोजावे लागत नाही, हे यामागचे कारण.

ते मोजायला लावणे म्हणजेच दंड. रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९६ मध्ये लासो पद्धत मांडली, तेव्हाही हेच ९७ रुग्ण उदाहरणादाखल घेतले होते. लासोमध्ये वर्गांच्या बेरजेत आणखी एक पद मिळवतात : सर्व सहगुणकांच्या केवल मूल्यांची बेरीज गुणिले λ. या संपूर्ण राशीचे मूल्य कमीत कमी करायचे. λ शून्य ठेवला, तर आपली जुनी पद्धतच परत मिळते.

यात गंमत आहे ती केवल मूल्याची. समजा, एकच सहगुणक b आहे, लघुतम वर्गाने त्याचे उत्तर 2 येते आणि λ आहे 1. सोपे रूप घेतले तर आपल्याला

(b − 2)² + |b|

ही राशी लहानात लहान करायची आहे. b = 2 घेतल्यास ती 2 येते, b = 1 घेतल्यासही 2, पण b = 1.5 घेतल्यास 1.75. म्हणजे उत्तर 2 वरून 1.5 वर आले. आता लघुतम वर्गाचे उत्तर मुळातच लहान, 0.3 आहे असे धरा. (b − 0.3)² + |b| ही राशी b = 0.1 ला 0.14, b = 0.05 ला 0.1125 आणि b = 0 ला 0.09 येते. शून्याच्या पलीकडे, ऋण बाजूला गेलो तर ती पुन्हा वाढते. तेव्हा सर्वांत स्वस्त जागा नेमकी शून्य हीच!

केवल मूल्याऐवजी b चा वर्ग घेतला असता, तर 2 चे 1 झाले असते आणि 0.3 चे 0.15, पण शून्य कधीच झाले नसते. (या पद्धतीला रिज समाश्रयण म्हणतात.) रिज टक्केवारीने कापते, लासो ठरावीक रक्कम कापते. या उदाहरणात ती रक्कम ०.५ आहे. ज्याच्याकडे तेवढी शिल्लक नाही, त्याच्या खात्यावर शून्य उरते. अनेक चले परस्परांत गुंतलेली असतात तेव्हा हिशेब इतका सरळ राहत नाही, पण शून्य येण्याचे कारण तेच.

आता 'प्रमाणीकरण' या शब्दाचाही उलगडा होतो. एखादे वजन ग्रॅमऐवजी किलोग्रॅममध्ये मांडले, तर त्याचा सहगुणक हजारपट होईल आणि दंडही त्याच प्रमाणात बसेल. एककाच्या निवडीवर निकाल ठरू नये, म्हणून प्रत्येक चलाला आधी त्याच्या प्रमाण विचलनाने भागून घेतात. लघुतम वर्ग पद्धतीत ही काळजी लागत नाही. लासोत ती विसरली, तर उत्तरच बदलते.

राहिला λ. तो मनाने ठरवायचा नसतो. ६७ रुग्णांचे दहा गट करायचे, नऊ गटांवर सहगुणक काढायचे आणि दहाव्यावर अंदाज किती चुकतो ते पाहायचे. प्रत्येक गटाला आळीपाळीने बाहेर ठेवायचे आणि λ च्या अनेक मूल्यांसाठी हे सारे पुन्हा करायचे. वरील ग्रंथात सर्वांत कमी सरासरी चुकीचा λ न घेता, त्या चुकीच्या एका प्रमाण त्रुटीच्या आत राहणारे सर्वांत साधे समीकरण घेतले आहे. कार्यपद्धतीत यांपैकी कोणता नियम वापरला हे लिहायलाच हवे, कारण दोन्हींतून वेगवेगळ्या संख्येने चले उरू शकतात.

निकाल असा आला : गाठीचे आकारमान ०.५३३, ग्रंथीचे वजन ०.१६९, शुक्राशय ०.०९४, साधी वाढ ०.००२, उरलेली चार चले शून्य. ते चमत्कारिक उणे ०.२८८ ही गेले. राखून ठेवलेल्या ३० रुग्णांवर सरासरी वर्गचूक ०.५२१ वरून ०.४७९ वर आली. पण या आकड्यांच्या प्रमाण त्रुटी ०.१७ च्या आसपास आहेत, तेव्हा अचूकता वाढली असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. आमच्या मते इथला खरा लाभ एवढाच, की निम्म्या चलांत जवळपास तेच काम झाले.

शून्याचा अर्थ लावताना मात्र घसरायला होते. आवरणाबाहेरचा प्रसार शून्य झाला, म्हणजे त्याचा पीएसएशी संबंध नाही, असे नव्हे. तो जे सांगत होता त्यातले बरेचसे गाठीच्या आकारमानाने आधीच सांगितले आहे, एवढाच त्याचा अर्थ. रुग्णांचा दुसरा गट घेतला, तर अशा जोडीतले दुसरेच चल उरू शकते. नमुना पुन्हा पुन्हा नव्याने निवडून तेच गणित करावे आणि प्रत्येक चल किती वेळा टिकते ते मोजावे, म्हणजे हा डळमळीतपणा लगेच दिसतो.

याहून मोठी चूक छापील निबंधांतही आढळते. लासोने निवडलेली चार चले घेऊन त्याच ६७ रुग्णांवर पुन्हा साधे लघुतम वर्ग समाश्रयण करायचे आणि त्यातून आलेली p मूल्ये कोष्टकात मांडायची! ही मूल्ये असे गृहीत धरतात, की चले आकडे पाहण्यापूर्वीच ठरली होती. इथे तर ती त्याच आकड्यांनी निवडली आहेत, म्हणून p मूल्ये फसवी लहान येतात. निवडीसाठी अर्धे रुग्ण आणि चाचणीसाठी उरलेले अर्धे असे वाटून घेतले, तर ही अडचण टळते. रुग्ण थोडे असतील तर p मूल्ये न देता फक्त सहगुणक आणि राखीव रुग्णांवरची चूक द्यावी, आणि तसे कार्यपद्धतीतच नमूद करावे.