महिन्याची शेवटची तारीख आणि मामांचा निरोप

कारखान्यात निवृत्ती बहुधा महिन्याच्या शेवटच्या तारखेला असते. पहिली पाळी सुटताना आणि दुसरी भरताना मधली दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्यातच शाल, श्रीफळ, पेढे आणि साहेबांचे भाषण. समोर दीडएकशे माणसे उभी असतात. कुणी सातवी, कुणी दहावी नापास, तर कुणी शाळेत फारसे गेलेलेच नाही. बाजूच्या खुर्चीत निवृत्त होणारा टर्नर आणि त्याची बायको बसलेली. मग कार्यालयातून छापून आलेला कागद उघडतो: "आपल्या प्रदीर्घ, निष्कलंक आणि समर्पित सेवेबद्दल व्यवस्थापन आपले सदैव ऋणी राहील. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही."

टाळ्या पडतात. पण गोंगाटात 'निष्कलंक'मधला 'कलंक' तेवढा कानावर पडतो. आणि 'आपल्या जाण्याने' झालेली पोकळी गावाकडे शोकसभेत ऐकलेली असते, त्यामुळे धडधाकट माणसाच्या तोंडावर ती बोलली की त्याची बायको चपापते. 'उर्वरित आयुष्य सुखाचे जावो' या वाक्याचेही तेच. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला उरलेले दिवस मोजून दाखवायचे कारण नाही.

ही भाषा चुकते त्याचे एक कारण कानांचे आहे. प्रेस, ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर यांच्या आवाजात वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे आधी उंच पट्टीचे आवाज ऐकणे कमी होते. 'स', 'श', 'त', 'थ' ही अक्षरे निसटू लागतात. संस्कृत वळणाचे जोडाक्षरी शब्द अशा कानांना नुसते घरघरल्यासारखे वाटतात. म्हणून भाषणापुरता जवळचा कॉम्प्रेसर बंद करावा, वाक्य आठ-दहा शब्दांत संपवावे आणि पुढचे सुरू करण्याआधी थांबावे. शिकलेल्या श्रोत्यांनाही याचा फायदाच होतो.

मोठे शब्द काढून टाकले की दुसरा धोका उभा राहतो, तो म्हणजे लाडावून बोलण्याचा. 'तुमच्या भाषेत सांगायचं तर' असे म्हणणारा साहेब पहिल्याच वाक्यात भिंत घालतो. पुण्यात वाढलेल्या अधिकाऱ्याने उसने आणलेले 'लई भारी' लोकांना लगेच ओळखू येते. सर्वांत वाईट वाक्य कौतुकाच्या सुरात येते: 'फारसे शिकलेले नसतानाही त्यांनी...' हे ऐकणारे सगळेच फारसे शिकलेले नसतात. त्यांच्या सहकाऱ्याचा सन्मान होत असताना त्यांचीच उणीव काढली जाते. 'साधा कामगार', 'गरीब स्वभाव', 'कधी तोंड वर करून बोलले नाहीत' हे शब्दही याच जातीचे. न बोलणे हा गुण म्हणून सांगितला की समोरचे शंभर जण त्यातला इशारा नेमका ओळखतात.

मग सांगायचे काय? त्या माणसाचे काम, शॉपमधल्याच शब्दांत. लेथ, बोअर, लिमिट, सेटिंग, रिजेक्शन हे शब्द मूळचे इंग्रजी असले, तरी कामगाराच्या तोंडी ते रोजचे मराठीच आहेत. साहेबाला 'कार्यकुशलता' सोपा वाटतो आणि 'वीस मायक्रॉन' अवघड. शॉपमध्ये नेमके उलट आहे.

ही माहिती सेवापुस्तकात सापडत नाही. त्यासाठी दोन दिवस आधी शॉपमध्ये जाऊन तिघांना विचारावे लागते: त्याच्या शेजारच्या मशीनवाल्याला, त्याच्या हाताखाली तयार झालेल्या पोराला आणि सुपरवायझरला. प्रश्नही सरळ हवेत. कोणत्या मशीनवर किती वर्षे? कोणते काम अडले की सगळे त्याच्याकडे जात? कुणाकुणाला शिकवले? जमवलेले शेवटी त्या माणसालाच ऐकवावे आणि यातले काय सांगू नको, हेही विचारावे. मशीनमध्ये गेलेले बोट, आजारपण, पतपेढीचे कर्ज, जुनी मेमो या गोष्टी मायेने सांगितल्या तरी चारचौघांत त्याची मान खाली जाते.

समजा, भोसरीतल्या एखाद्या मध्यम कारखान्यातला असा टर्नर आहे. सगळे त्याला 'मामा' म्हणतात. वर छापलेल्या कागदाऐवजी त्याचे निरोपाचे भाषण असे होऊ शकते:

"मामा, तुम्ही एकतीस वर्षं या शॉपमध्ये काम केलंत. त्यातली एकोणीस वर्षं जुन्या लेथवर. वीस मायक्रॉनच्या लिमिटचं काम तुम्ही त्या लेथवर काढत होता. मग सीएनसी आली. तेव्हा तुम्ही शेहेचाळीस वर्षांचे होता. आयटीआयच्या पोरांकडून तुम्ही ती मशीन शिकून घेतलीत. आणि त्याच पोरांना टूल कसं घासायचं, ते तुम्ही शिकवलंत. या लाइनवरचे सहा जण तुमच्या हाताखाली तयार झाले. वहिनी, पहिल्या पाळीच्या डब्यासाठी तुम्ही पहाटे चारला उठत होता. शॉपतर्फे तुमचेही आभार. मामा, उद्यापासून तुमच्या मशीनवर जो उभा राहील, त्याला तुम्हीच तयार केलंय."

वाचायला मिनिटभर लागते. यात 'महान', 'अतुलनीय', 'आदर्श' यांपैकी एकही शब्द नाही, आणि तरीही उंची आहे. ती क्रियापदांतून येते: काढत होता, शिकून घेतलीत, शिकवलंत. बहुतेक वाक्यांत मामा काही तरी करतात. छापील कागदात व्यवस्थापन ऋणी राहते, पोकळी निर्माण होते, मामा मात्र कुठेच काही करत नाहीत. सीएनसीचे वाक्यही नाजूक आहे. 'वय झालेले असूनही शिकले' असे म्हटले तर उपकाराचा सूर लागतो; पोरांकडून शिकले आणि पोरांना शिकवले, असे म्हटले की देवघेव बरोबरीची होते.

संबोधनही तपासून घ्यावे. रोज 'मामा' म्हणणाऱ्या सुपरवायझरच्या तोंडी 'मामा' शोभते; वर्षातून दोनदा शॉपमध्ये येणाऱ्या संचालकाने 'राव' लावून नाव घ्यावे. 'तुम्ही' मात्र दोघांनाही सक्तीचे. वहिनींचा डबाही गृहीत धरू नये. त्या स्वतः कामाला जात असतील, तर तेच सांगावे. आणि शॉपमध्ये बिहार-उत्तर प्रदेशातली पोरे असतील, मामांनी त्यांनाही शिकवले असेल, तर दोन वाक्ये हिंदीत म्हणावीत.

न शिकलेल्या माणसांशी मोठ्या विषयावर कसे बोलावे, याचा महाराष्ट्रातला ठळक नमुना म्हणजे गाडगेबाबांचे कीर्तन. बाबा वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर लोकांकडूनच घेत. निरोपाच्या भाषणातही एक प्रश्न चालतो. 'मामांकडून काम शिकलेले कोण कोण आहेत? हात वर करा.' वर गेलेले हात मामांना जे सांगतात, ते कोणत्याही विशेषणाला सांगता येत नाही.

शेवटची गोष्ट वचनांची. 'कंपनीचं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निरोपात येते. दोन महिन्यांनी मामा मित्रांना भेटायला येतात, तेव्हा वॉचमन गेटपास मागतो आणि फोनवरून नकार येतो. कमी शिकलेला माणूस लेखी कागदापेक्षा बोललेला शब्द धरून ठेवतो, त्यामुळे हे वाक्य त्याला खोटे पडल्यावर जास्त लागते. जे गेटवर पाळले जाणार नाही, ते भाषणात म्हणू नये. पाळायचे असेल तर नेमके सांगावे: 'दसऱ्याच्या पूजेला तुम्ही यायचं, गेटवर तुमचं नाव दिलेलं असेल.' पैशांचे आकडे चारचौघांत काढू नयेत, कारण ऐकणाऱ्यांत भाऊबंद आणि देणेकरीही असतात. पण त्याच दिवशी मामांना बाजूला बसवून, ग्रॅच्युइटी कायद्याने तीस दिवसांत मिळायला हवी आणि पेन्शनसाठी १०-डी फॉर्म भरावा लागतो, एवढे शांतपणे समजावून सांगावे आणि तो फॉर्म तिथेच भरून घ्यावा.

या महिनाअखेरीस ज्यांना कुणाला असे भाषण करायचे असेल, त्यांनी जुन्या फाइलमधला कागद काढू नये. तारखेच्या दोन दिवस आधी शॉपमध्ये जावे आणि शेजारच्या मशीनवाल्याला विचारावे.