बुलेटची पुंगळी आणि शेजाऱ्याची झोप

बुलेटचा मूळ सायलेन्सर ग्राइंडरने उभा कापला, की आत पोकळ नळी सापडत नाही. जाड पत्र्याच्या कवचात आडव्या चकत्या वेल्ड केलेल्या असतात आणि त्यांच्यामुळे आत दोन-तीन वेगळे कप्पे झालेले असतात. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला भोकाभोकांच्या छोट्या नळ्या असतात. त्या समोरासमोर न ठेवता मुद्दाम एकमेकींपासून सरकवून बसवलेल्या असतात. काही सायलेन्सरमध्ये नळीभोवती काचेच्या लोकरीचा थरही असतो. या चकत्यांना म्हणायचं बॅफल. शेपटाकडून बाहेर ओढता येणारा आतला नळीचा तुकडा म्हणजे गॅरेजमधली ‘पुंगळी’. पुंगळी काढणं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. त्या कामामुळे दंड का होतो आणि अख्खी गल्ली का वैतागते, हे समजून घ्यायचं तर आधी हे कप्पे काय करतात ते पाहावं लागतं.

इंजिनात पेट्रोल जळून पिस्टन खाली ढकलला जातो. त्यानंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो, तेव्हा सिलिंडरमधल्या तापलेल्या वायूवर अजून बराच दाब असतो. तो एका झटक्यात बेंड पाइपमध्ये घुसतो आणि हा झटका म्हणजेच आवाज. बुलेट 350 ला एकच सिलिंडर. फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो, त्यामुळे इंजिन मिनिटाला 3000 फेरे फिरत असेल तर सेकंदाला 25 झटके बसतात. ते मोठे आणि सुटे सुटे असल्यामुळे बुलेटचा आवाज ‘डग डग’ असा येतो. चार सिलिंडरच्या गाडीत हे झटके लहान असतात आणि एकमेकांना खेटून येतात, त्यामुळे ते गुणगुणल्यासारखे ऐकू येतात.

झटका अरुंद नळीतून एकदम मोठ्या कप्प्यात शिरला, की पसरतो आणि त्याचा दाब उतरतो. शिवाय लाटेचा काही भाग पुढे न जाता उलटा फिरतो. तो मागून येणाऱ्या लाटेवर आदळतो, त्यात दोघींची ताकद खर्च होते. उरलेला वायू पुढच्या छोट्या भोकांतून वाट काढत जातो, तिथे पुन्हा तेच घडतं. काचेची लोकर तीक्ष्ण, चिरका आवाज शोषते. खर्जातला आवाज मात्र लोकरीला दाद देत नाही, तो कप्प्यांनीच आवरावा लागतो. म्हणून पुंगळी काढल्यावर किंवा सरळ नळीचा सायलेन्सर बसवल्यावर जो आवाज सुटतो, त्यात सगळ्यात मोठा वाटा खर्जाचा असतो.

आता मर्यादेकडे वळू. आपल्याकडे नव्या दुचाकीच्या आवाजावर कारखान्याच्या पातळीवर बंधन आहे. 80 सीसीपर्यंतच्या गाडीला 75 डेसिबल, 80 ते 175 सीसीला 77 आणि त्याहून मोठ्या गाडीला 80. बुलेट या शेवटच्या गटात येते. ही मोजणी करायची पद्धत ठरलेली आहे. मोकळ्या मैदानातल्या ट्रॅकवर गाडी ठरावीक वेगाने येते आणि 20 मीटरच्या टप्प्यात पूर्ण थ्रॉटल देऊन पुढे जाते. तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर, जमिनीपासून 1.2 मीटर उंचीवर मायक्रोफोन असतो. म्हणजे 80 हा आकडा गाडी जोरात पळवतानाचा आहे. गल्लीत सावकाश चालणारी कंपनी-फिटेड बुलेट त्याच्या बरीच खाली असते.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. मोबाइलमधलं अॅप सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचं, 95 दिसलं की गाडी बेकायदा म्हणायचं. उभ्या गाडीची तपासणीही असते, पण त्यात मीटर तोंडापासून अर्ध्या मीटरवर धरतात. अर्धा मीटर आणि साडेसात मीटर यांत पंधरा पटींचा फरक आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं, की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. या हिशेबाने पंधरा पट अंतरावर तो 23 डेसिबलच्या आसपास खाली येतो. तोंडाशी 95 दाखवणारी गाडी साडेसात मीटरवर 72 च्या घरात असू शकते. त्यामुळे आकडा सांगताना तो किती अंतरावरचा आहे, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आता एक उदाहरण सोडवून पाहू. एक बुलेट चाचणीच्या नियमात बसते, साडेसात मीटरवर 80 डेसिबल. दुसरीची पुंगळी काढलेली आहे, तिचा आवाज त्याच अंतरावर 95 धरू. फरक फक्त 15 चा दिसतो. पण डेसिबलचं माप साध्या बेरजेने चालत नाही. दर 10 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. 15 डेसिबल म्हणजे तीसपटीहून जास्त. पुंगळी काढलेली एक बुलेट सुटली, की मूळ सायलेन्सरच्या तीस बुलेट एकाच वेळी थ्रॉटल देत गेल्यासारखी ध्वनिऊर्जा रस्त्यावर पडते. कानाला ती तीसपट वाटत नाही, पण अडीच-तीन पट मोठी नक्की वाटते.

रस्त्यापासून 30 मीटरवर एक खिडकी आहे असं समजा. तिथपर्यंत अंतर दोनदा दुप्पट झालं, म्हणून 95 चे 83 उरतात. दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या गल्लीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तेव्हा तो इतकाही उतरत नाही. आपल्याकडे खिडक्या वर्षातले बरेच महिने उघड्या असतात. उघडी खिडकी 10 ते 15 डेसिबलच अडवते. म्हणजे अंथरुणापाशी साधारण 70 पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 च्या मार्गदर्शक सूचनांत झोपण्याच्या खोलीत एकेका आवाजाचं शिखर 45 च्या पुढे जाऊ नये असं म्हटलं होतं. इथे ते 25 ने ओलांडलं जातं. झोपलेल्या माणसाला पूर्ण जाग आली नाही तरी झोप उथळ होते, आणि तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं माणूस घरात असेल तर अख्खं घर उठतं.

शेजाऱ्यांची तक्रार मीटरवर पूर्ण उमटत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून आवाजाचं मीटर खर्जाला मुद्दाम कमी वजन देतं. पण खर्जाच्या लाटा लांबलचक असतात. त्या भिंती आणि बंद खिडक्यांतून सहज आत येतात, काचा आणि शटर थरथरवतात. खिडकी लावून घेतली तरी छातीत धडधड जाणवते, ती याच लाटांची.

निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. हॉस्पिटल, शाळा, न्यायालय यांच्या भोवतालच्या शांतता क्षेत्रात ती 50 आणि 40 आहे. या मर्यादा परिसराच्या सरासरी आवाजाच्या आहेत, एकट्या गाडीच्या नाहीत. मग वाहतूक पोलीस दंड कशावर करतात? चौकात साडेसात मीटरची चाचणी घेणं शक्य नसतं. त्यामुळे कारवाईचा मुख्य आधार असतो तो गाडीत केलेला बदल.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. आवाज आणि धूर यांची मानकं मोडून गाडी चालवणाऱ्याला कलम 190 (2) लागतं. त्यात पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर लायसन्स तीन महिने अपात्र. जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, म्हणून चलनावरचा आकडा यापेक्षा कमी असू शकतो. पोलीस अनेकदा सायलेन्सर काढून घेतात. जप्त केलेल्या सायलेन्सरच्या रांगेवरून रोडरोलर फिरवल्याचे फोटो राज्यातल्या अनेक शहरांतून आलेले आहेत.

‘पुंगळी काढली की गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो’ असं सांगणारे खूप भेटतात. मोठा आवाज ताकदीचा भास देतो, एवढंच त्यात खरं आहे. इंजिनाचं ट्युनिंग मूळ सायलेन्सरच्या हिशेबाने केलेलं असतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पुंगळी काढली आणि जेट तसेच ठेवले, तर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडू शकतं आणि थ्रॉटल सोडताच फटफट सुरू होते. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर एक्झॉस्टमध्येच असतो. पूर्ण सिस्टिम बदलताना तोही गेला, तर आवाजाबरोबर धुराचाही नियम मोडतो. ‘फटाके’ काढण्याची तऱ्हा तर आणखी वाईट. चालत्या गाडीची चावी क्षणभर बंद करायची म्हणजे न जळलेलं मिश्रण सायलेन्सरमध्ये साचतं, आणि चावी चालू करताच ते तिथे पेटतं. तो स्फोट इंजिनाबाहेर होतो, त्यातून चाकाला काहीच मिळत नाही. बॅफलचे जोड आणि कन्व्हर्टर मात्र त्यात लवकर खराब होतात.

सगळा मोठा आवाज हौसेचाच असतो असंही नाही. एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ असते. रोज एक-दोन किलोमीटरच गाडी चालली तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि पत्रा आतून गंजतो. म्हणून बऱ्याच सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक ठेवलेलं असतं, ते बुजवू नये. बेंड पाइपच्या जोडावर काजळीचा काळा पट्टा दिसला, तर गॅस्केट गेलं आहे. गाडी हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर बॅफलचा वेल्ड सुटला आहे. या दोन्ही दुरुस्त्या वेळेवर केल्या तर खर्च थोडा असतो.

जुनी बुलेट घेताना इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडातून टॉर्च मारून पाहा. मूळ सायलेन्सरमध्ये प्रकाश थोड्याच अंतरावर पत्र्याला अडतो. नळी सरळ आतपर्यंत मोकळी दिसली, तर पुंगळी काढलेली आहे. काही नव्या सायलेन्सरमध्ये ती एका बोल्टवर बसवलेली असते, तेव्हा बोल्टचं भोक रिकामं आहे का तेही पाहा. बदल आधीच्या मालकाने केला असला, तरी रस्त्यावर पोलिसांनी अडवल्यावर चलन चालवणाऱ्याच्या नावावर फाटतं. म्हणून व्यवहार ठरवतानाच मूळ सायलेन्सर मागून घ्या. तो नसेल तर नव्याची किंमत गाडीच्या किमतीतून वजा करा आणि तो बसवून झाल्यावरच गाडी घरी आणा.