पाठीला पाठ: फोनमधून इअरबड्सना वीज

बिनतारी चार्जिंग होणाऱ्या फोनच्या पाठीमागच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे असते. चार्जिंग पॅडवर ठेवल्यावर फोन या वेटोळ्यातून वीज घेतो. तेच वेटोळे उलट चालवले, म्हणजे बॅटरीतला एकदिशा प्रवाह उलटसुलट करून त्यात सोडला, की फोन स्वतःच पॅड होतो. यालाच रिव्हर्स चार्जिंग म्हणतात. २०१८ साली ह्युवेईच्या मेट २० प्रो या फोनमध्ये ही सोय आली. २०१९ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस१० मध्ये ती दिली आणि सोबत तिचा उपयोग दाखवायला गॅलेक्सी बड्सही बाजारात आणले.

वीज एका बॅटरीतून निघून दुसऱ्या बॅटरीत पोहोचेपर्यंत तिचे रूप अनेकदा बदलते. आधी देणाऱ्या फोनमध्ये तिचा दाब वाढवला जातो, मग तिचे चुंबकीय क्षेत्र होते, पलीकडच्या वेटोळ्यात त्याची पुन्हा वीज होते, ती एकदिशा केली जाते आणि शेवटी बॅटरीला मानवेल त्या दाबावर आणली जाते. प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते. शिवाय एरवीच्या पॅडमधले वेटोळे मोठे आणि देण्यासाठीच बनवलेले असते, फोनमधले मात्र मुळात घेण्यासाठी असते. त्यामुळे वेटोळी अगदी समोरासमोर नसली तर निम्मी वीज वाटेतच गळाली तरी नवल नाही.

गॅलेक्सी एस१० आणि बड्स याच जोडीचा हिशेब मांडता येतो. फोनची बॅटरी ३,४०० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे १३ वॅट-तासांची आहे. बड्सच्या डबीत २५२ आणि प्रत्येक बडमध्ये ५८ मिलीअँपिअर-तास मावतात. सगळे मिळून होतात जेमतेम १.४ वॅट-तास. निम्मी वीज वाया जाते असे धरले तर रिकामी डबी आणि रिकामे बड्स पूर्ण भरायला फोनमधून २.७ वॅट-तास, म्हणजे त्याच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा जातो. पण पूर्ण भरण्याचा हट्ट धरायचे कारणही नाही. बॅटरी भरत आली की ती अगदी थोडा प्रवाह घेते, फोनचे वेटोळे चालते ठेवण्याचा खर्च मात्र तसाच चालू राहतो. प्रवासात दहा-पंधरा मिनिटे डबी ठेवून उचलणे हाच शहाणपणाचा वापर.

एका फोनने दुसरा फोन भरणे हा मात्र आतबट्ट्याचा व्यवहार आहे. दोन्ही फोन ५,००० मिलीअँपिअर-तासांचे, म्हणजे साधारण १९ वॅट-तासांचे धरू. बिनतारी देणे ४.५ वॅटच्या आसपास असते आणि त्यासाठी बॅटरीतून ५ वॅट खर्च होतात असे मानू. तासाभरात देणाऱ्याची २६ टक्के बॅटरी जाते आणि घेणाऱ्याला फार तर १३ टक्के मिळते. घेणाऱ्याचा पडदा चालू असेल तर त्यातलेही बरेचसे तिथेच खर्च होते. उरलेल्या विजेने दोन्ही फोन तापतात, आणि एकमेकांना चिकटून असल्याने ती उष्णता सहज बाहेर पडत नाही. लिथियम बॅटरीला ४५ अंश सेल्सिअसच्या वर भरणे मानवत नाही, म्हणून फोन आधी वेग कमी करतो आणि मग देणे थांबवतो. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर तर हा प्रयोग करूच नये.

सॅमसंगच्या फोनवर वरून खाली सरकवल्यावर दिसणाऱ्या पट्टीत `Wireless power sharing` हे बटण असते. ते दाबून फोन पालथा ठेवायचा आणि पाठीच्या मध्यावर डबी ठेवायची. जाड कव्हर, धातूची अंगठी किंवा मागे खोचलेले कार्ड आधी काढावे. डबीचा दिवा लागला नाही किंवा लागून विझला तर वेटोळी जुळलेली नाहीत असे समजून डबी थोडी सरकवावी. तरीही सुरू होत नसेल तर फोनची बॅटरी पाहावी: ती ३० टक्क्यांखाली गेल्यावर फोन देणे बंद करतो. रात्री फोन चार्जरला लावून त्याच्या पाठीवर डबी ठेवली तर हा तोटा फोनला सोसावा लागत नाही, फक्त त्याचे स्वतःचे चार्जिंग जरा सावकाश होते.

जवळ टाइप-सी केबल असेल तर बिनतारी मार्गाकडे वळूच नये. तारेतून गळती बरीच कमी होते आणि वेटोळी जुळवण्याची कटकटही राहत नाही. आयफोन १५ पासूनचे आयफोन बिनतारी वीज देत नाहीत, पण तारेतून ४.५ वॅटपर्यंत देतात, आणि असे दोन आयफोन जोडले तर ज्याची बॅटरी कमी आहे तो भरू लागतो. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये कोणी द्यायचे नि कोणी घ्यायचे हे केबल जोडल्यावर येणाऱ्या सूचनेवर बोट ठेवून निवडता येते. ते न पाहिल्यास कधीकधी १० टक्के उरलेला फोनच ८० टक्केवाल्याला वीज देत बसतो.