मुलाखतीनंतरच्या ईमेलची विषयओळ

मुलाखतीनंतरचा ईमेल उघडायचा की नाही, हे बहुतेकदा विषयओळीवरच ठरतं. मोबाइलवर तिची साधारण पहिली 35-40 अक्षरंच दिसतात, म्हणून पदाचं नाव आणि मुलाखतीची तारीख सुरुवातीलाच यावी. नुसत्या ‘फॉलो-अप’ किंवा ‘नमस्कार’वरून एचआरला उमेदवार कोणता, पद कोणतं, काहीच कळत नाही.

आभाराचा ईमेल 24 तासांच्या आत जावा: ‘लेखापाल मुलाखत, 12 जून – आभार’.

निर्णयाची विचारणा सर्वांत नाजूक. ‘आठवड्याभरात कळवू’ असं सांगितलं असेल, तर आठवडा उलटल्यावर आणखी दोन कामाचे दिवस थांबावं. मग आधीच्याच ईमेलला रिप्लाय करणं उत्तम, कारण जुना संवाद खाली दिसतो. नवा ईमेल लिहायचा तर ‘लेखापाल, मुलाखत 12 जून – निर्णयाबाबत’ पुरे. ‘तातडीचे’ हा शब्द टाळावा. घाई उमेदवाराला असते, कंपनीला नव्हे. आधी संवाद झालेलाच नसताना ‘Re:’ जोडणं तर विश्वास घालवणारं.

ऑफर आल्यावर उत्तर ओळीतच द्यावं: ‘लेखापाल ऑफर स्वीकारली – रुजू 15 जुलै’. विचाराला वेळ हवा असेल तर ‘लेखापाल ऑफर – 28 जूनपर्यंत मुदतीची विनंती’. पगाराचा आकडा मात्र आतल्या मजकुरातच ठेवावा. विषयओळ मोबाइलच्या लॉक स्क्रीनवरही झळकते.